नव्वद दिवसांचा दाखला आणि दोन पानांची टिपणी

निवेदन देण्याची आपल्या तरुणांना सवय आहे. दहा-पंधरा जण जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, चार पानांचा कागद देतात, फोटो काढतात. कागदावर आवक क्रमांक पडतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा येतो आणि तो कुठल्या तरी टेबलावर जाऊन बसतो. 2020 च्या टाळेबंदीत मजूर रस्त्याने चालत गेले, त्यानंतर 'स्थलांतरित असंघटित कामगारांना न्याय मिळावा' अशी निवेदने पुष्कळ निघाली. मागणी चुकीची नव्हती. पण वाचणाऱ्याने उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे त्यात नसायचे.

अधिकारी तुमच्या कागदाला पाच मिनिटे देतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: अडले कुठे, ते सोडवणे त्याच्या अधिकारात आहे का, आणि तसे केल्याने तो अडचणीत तर येणार नाही ना. तिसरी गोष्ट आपण कधीच लिहीत नाही, आणि बहुतेक वेळा काम तिथेच थांबते.

एकच प्रश्न घेऊन हे पाहू.

शहरातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले उभे असतात. बांधकाम कामगारांसाठी 1996 च्या कायद्याने कल्याणकारी मंडळे आली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्यांच्याकडे पैसा जमतो, आणि नोंदणी झालेल्या कामगाराला मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघात किंवा मृत्यूनंतरची मदत मिळू शकते. अट अशी की वय 18 ते 60 असावे आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे. या 90 दिवसांचा दाखला लागतो. आपल्या राज्यात तो मालक किंवा ठेकेदार, गावात ग्रामसेवक आणि शहरात पालिकेने नेमलेला अधिकारी देतो, अशी पद्धत चालत आली आहे.

आता समजा, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला एक रंगारी सुगी आटोपून ऑक्टोबरमध्ये पुण्याला येतो. अड्ड्यावर रोज काम मिळत नाही. महिन्याला 14 दिवस धरू. मार्चअखेर त्याचे 84 दिवस होतात, एप्रिलच्या मध्याला नव्वदी ओलांडते. मे संपेपर्यंत 112 दिवस. जूनमध्ये तो पेरणीला गावी परततो. कायद्याच्या हिशेबाने तो पात्र आहेच, वर 22 दिवस जास्त.

पण हे 112 दिवस त्याने तीस-पस्तीस जणांकडे काढलेले असतात. कुणाच्या फ्लॅटला दोन दिवस, कुणाच्या दुकानाला चार, सर्वांत मोठे काम नऊ दिवसांचे. नव्वद दिवसांवर सही करील असा एकही मालक त्याच्याकडे नाही. पालिकेच्या कार्यालयात गेला, तर तिथे ठेकेदाराचा शिक्का मागतात. गावी ग्रामसेवकाकडे गेला, तर तो म्हणतो, 'तू पुण्यात काम केलेस, मी पाहिले नाही, सही कशी करू?' दोघांचेही म्हणणे खोटे नाही. बोगस दाखल्यांवरून तक्रारी झाल्या आहेत, आणि चौकशी लागली तर सही करणाराच सापडतो.

त्यात वेळेचा पेच आहे. नव्वद दिवस भरल्यापासून गावी निघेपर्यंत त्याच्या हातात सहा-सात आठवडेच असतात. नोंदणीचे शिबिर ऑगस्टमध्ये ठेवले, तर नेमका हाच माणूस शेतात असतो. शिबिराला प्रतिसाद मिळाला नाही, असा अहवाल मग वर जातो. बारमाही एका बिल्डरकडे असलेल्या मजुराची नोंदणी होते आणि जो गाव-शहर ये-जा करतो तो बाहेर राहतो, याचे मोठे कारण हे आहे. ठिकठिकाणी 'कामगारांमध्ये जागृतीचा अभाव' असे लिहिलेले दिसते. मला ते अर्धवट वाटते. माहिती असलेला मजूरही याच दारावरून परत येतो.

टिपणीसाठी मोजणी लागते, पण ती मोठी नको. एकाच अड्ड्यावर तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी साठ जणांना चार प्रश्न विचारा. वर्षात किती महिने इथे असता आणि महिन्याला किती दिवस काम मिळते? किती जणांकडे काम केले? नोंदणी आहे का? नसेल तर कोणत्या कागदावर अडली? ओळखीच्यांनाच विचारू नका. मोहल्ल्यातले रंगारी आणि प्लंबर चटकन बोलतील. कडेला उभ्या असलेल्या बिगारी बायकांना मुद्दाम जाऊन विचारा, त्यांची कामे आणखी तुटक असतात. नावे आणि आधार क्रमांक घेऊ नका. अधिकाऱ्याला संख्या लागते, आणि कुणाची माहिती तुमच्या मोबाइलमध्ये पडून राहणे बरे नाही.

मग कागद कुणाच्या नावे? जिल्हाधिकारी मजुरांची नोंदणी करीत नाहीत; ते काम कामगार विभागाचे. शहरात दाखल्यासाठी माणूस नेमणे पालिका आयुक्तांच्या हातात. म्हणून टिपणी सहायक कामगार आयुक्तांना द्या, प्रत पालिका आयुक्तांना, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे फक्त या दोघांची एकत्र बैठक मागा. दाखल्यासंबंधीचे नियम बदलत असतात, तेव्हा चालू परिपत्रक सोबत जोडाच.

मागणीचा मजकूर साधारण असा असावा: 'अमुक अड्ड्यावर 15 एप्रिल ते 31 मे या काळात दर मंगळवारी सकाळी 7 ते 9 पालिकेचा प्राधिकृत अधिकारी बसवावा. कामगाराने ठेवलेल्या कामाच्या वहीवरून एकूण दिवस मोजून 90 दिवसांचा दाखला द्यावा.' वहीत तारीख, ठिकाण, कामाचा प्रकार, घरमालकाचा फोन आणि सही एवढेच रकाने. पुष्कळ घरमालक हल्ली मोबाइलवरून पैसे देतात, त्या नोंदी वहीशी ताडून पाहता येतात.

यानंतर तो तिसरा प्रश्न. सही करणाऱ्याची भीती टिपणीत स्वतःहून लिहा आणि उत्तर द्या: प्रत्येक वहीतले कोणतेही चार फोन अधिकाऱ्याने लावावेत, उत्तरे वहीवरच नोंदवावीत, दोन जुळले नाहीत तर दाखला थांबवावा. उद्या चौकशी आली तर त्याच्याकडे दाखवायला काही राहते. यातून सगळी बनावटगिरी थांबणार नाही. मित्राचा नंबर घरमालक म्हणून देणारेही निघतील. तरी कोऱ्या शिक्क्यापेक्षा हे तपासता येते.

अड्ड्यावर उभे राहिलात की रेशन, मुलांची शाळा, भाड्याची खोली, सगळेच समोर येते आणि सगळेच लिहावेसे वाटते. तसे करू नका. रेशन जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे, शाळा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. एका कागदात पाच खात्यांचे विषय घातले की तो पाचही टेबलांवरून 'आमचा नाही' म्हणून परत येतो. त्यांच्यासाठी वेगळ्या टिपण्या करा.

कागद फेब्रुवारीत द्या. एप्रिलमध्ये दिलात तर माणूस नेमण्याचा आदेश निघेपर्यंत जून उजाडेल. वह्या मात्र ऑक्टोबरमध्येच वाटाव्या लागतील, मजूर गावाहून येतात त्या आठवड्यात. दोनशे पानी वही नको. खिशात मावेल अशी घ्या आणि वर प्लॅस्टिकचे कव्हर घाला, कारण ती रंगाच्या डब्याशेजारी राहणार आहे.