युद्ध एक, आसरा दोन प्रकारचा
युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांना युरोपचे ‘तात्पुरते संरक्षण’ का लागू झाले नाही?

प्रतिनिधी, मुंबई

युक्रेनमध्ये अडकलेल्या भारतीयांना घेऊन बुखारेस्टहून निघालेले पहिले विमान २६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई विमानतळावर उतरले, तेव्हा त्यात २१९ प्रवासी होते. त्यांतील बहुतेक वैद्यकीय विद्यार्थी होते. आठवड्याभरातच, ४ मार्चला युरोपीय संघाने युक्रेनच्या युद्धग्रस्तांसाठी तात्पुरत्या संरक्षणाची योजना लागू केली. ही मुले त्याच बॉम्बवर्षावातून निसटली होती आणि त्याच सीमा ओलांडून आली होती. तरीही या योजनेत त्यांना सर्वसाधारणपणे जागा नव्हती. त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

बाल्कनमधील युद्धांच्या अनुभवातून युरोपीय संघाने २००१ मध्ये हा नियम केला होता. पण २१ वर्षे तो कधीच वापरला गेला नाही. निर्वासित म्हणून मान्यता हवी असेल, तर एरवी प्रत्येकाला आपल्या छळाची भीती स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते आणि निकालाला महिनोन्‌महिने लागतात. तात्पुरत्या संरक्षणात तशी चौकशी होत नाही. ठरवून दिलेल्या गटात आपण मोडतो एवढे कागदपत्रांवरून दाखवले, की पुरे.

असे गट प्रामुख्याने तीन होते. २४ फेब्रुवारी २०२२ पूर्वी युक्रेनमध्ये राहणारे युक्रेनी नागरिक, तेथे आधीच आश्रय मिळालेले परदेशी वा राज्यविहीन लोक आणि या दोहोंचे कुटुंबीय. याखेरीज युक्रेनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीलाही संरक्षण मिळू शकत होते, पण मायदेशी सुरक्षितपणे व टिकाऊ स्वरूपात परतणे शक्य नसेल तरच. तात्पुरता परवाना असलेल्यांना सामावून घ्यायचे की नाही, हे प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडले होते.

आता खारकीव्हमधील एक वर्ग डोळ्यांसमोर आणू. त्यात एक युक्रेनी विद्यार्थिनी आहे, युक्रेनने आश्रय दिलेला एक सीरियन तरुण आहे, युक्रेनी मुलीशी लग्न करून तेथेच स्थायिक झालेला एक भारतीय आहे आणि घाटकोपरचा चौथ्या वर्षाचा एक विद्यार्थी आहे. पहिले तिघे पात्र ठरतात. तिसऱ्याला पत्नीच्या नात्यामुळे, तेही कुटुंब युद्धापूर्वीपासून युक्रेनमध्ये असल्यामुळे, हा लाभ मिळतो. घाटकोपरच्या मुलाकडे केवळ शिक्षणापुरता परवाना आहे आणि त्याचे घर सुरक्षित आहे. त्यामुळे सीमेवर त्याला प्रवेश मिळतो, परंतु तो घरी परतण्याच्या वाटेवरचा प्रवासी म्हणून.

पात्र ठरलेल्याला वास्तव्याचा परवाना, नोकरी वा व्यवसायाची मुभा, निवारा, निर्वाहासाठी साह्य, निदान तातडीचे व आवश्यक औषधोपचार आणि मुलांना शाळा, एवढे हक्क मिळतात. नागरिकत्व मात्र मिळत नाही. निर्वासित म्हणून मान्यतेसाठी अर्ज करण्याचा हक्क शाबूत राहतो. मूळ मुदत एक वर्षाची होती. ती वेळोवेळी वाढवत ४ मार्च २०२७ पर्यंत नेण्यात आली. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी या योजनेचा आधार घेतला.

मर्जीने दिलेले संरक्षण किती कच्चे असते, हे नेदरलँड्समध्ये दिसले. त्या देशाने सुरुवातीला तात्पुरता परवाना असलेल्या परदेशी लोकांनाही सामावून घेतले आणि नंतर हात आखडता घेतला. वाद युरोपीय न्यायालयात गेला. स्वेच्छेने दिलेले संरक्षण युक्रेनी नागरिकांच्या आधी काढून घेता येते, मात्र ते अधिकृतपणे संपण्यापूर्वी देश सोडण्याचा आदेश देता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने १९ डिसेंबर २०२४ रोजी दिला.

मायदेशी परतलेल्या विद्यार्थ्यांचा जीव वाचला. शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्यांच्यासोबतच विमानातून उतरला. ‘सुरक्षित परतणे’ या कसोटीत अर्धवट राहिलेली पदवी मोजली जात नाही.

उलट दिशेने पाहिले तर चित्र वेगळे आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि येथे तात्पुरत्या संरक्षणाचा कायदाही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर अफगाण नागरिकांसाठी आपत्कालीन ई-व्हिसा जाहीर झाला, तो सुरुवातीला सहा महिन्यांचा. त्याआधी, २०११ मध्ये गृहमंत्रालयाने एक कार्यपद्धती ठरवून दिली होती. वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी छळाची रास्त भीती असलेल्याची शिफारस राज्याने सुरक्षा पडताळणीनंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी करावी आणि व्हिसा मिळाल्यावर त्याला खासगी नोकरी व शिक्षण करता यावे, अशी ती तरतूद होती. युद्धातून वा पुरातून जीव वाचवून आलेला माणूस केवळ तेवढ्यावरून तिच्यात बसत नव्हता. युरोपात दार कोणासाठी उघडायचे हे गट ठरवून लिहिलेले होते. येथे ते प्रसंगागणिक सरकार ठरवते.