भाडे थोडे, अनामत मोठी

मुंबई-ठाण्याकडे गाळा किंवा घर भाड्याने घेताना मालक पुष्कळदा दोन दर सांगतो: अनामत मोठी दिली तर भाडे कमी, अनामत कमी दिली तर भाडे जास्त. बोलीभाषेत पहिल्याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात. अनामत परत मिळणार असते, म्हणून ती खर्च नव्हेच, असे मानून आपल्यातील अनेक कुटुंबे मोठ्या अनामतीकडे झुकतात. परंतु व्याजाचा आणि उधारीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या बोटांवर आहे, त्यांनी स्वतःच्याच पैशाला मात्र बिनव्याजी धरावे, हे थोडे नवलच आहे.

समजा, कापडाच्या दुकानासाठी एक गाळा पाहिला आहे. पहिला प्रस्ताव १५ लाख अनामत आणि महिना २०,००० रुपये भाडे. दुसरा प्रस्ताव ३ लाख अनामत आणि महिना ३०,००० रुपये भाडे. पहिल्यात १२ लाख रुपये अधिक अडकतात आणि वर्षाला १,२०,००० रुपये भाडे वाचते. म्हणजे मालक आपल्या १२ लाखांवर, भाड्यात सूट देऊन, वर्षाला दहा टक्के व्याज देतो. आता प्रश्न एवढाच उरतो, की तेच १२ लाख आपल्याजवळ असते तर त्यांची किंमत काय होती?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात निराळे असते. ज्यांचे पैसे बँकेच्या मुदत ठेवीत सात टक्क्यांनी पडून आहेत, त्यांना १२ लाखांवर ८४,००० रुपये मिळतात. त्यांच्या दृष्टीने मोठी अनामत वर्षाला ३६,००० रुपयांनी लाभाची आहे. ज्यांना ही रक्कम अकरा टक्क्यांच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलावी लागेल, त्यांचे व्याज होते १,३२,००० रुपये, म्हणजे १२,००० रुपयांचे नुकसान. शिवाय दिवाळीच्या खरेदीला बँकेची तेवढी मर्यादा मोकळी राहत नाही, ते वेगळेच. गिरणीवाला साठ दिवसांच्या उधारीऐवजी रोख देणाऱ्यास दोन टक्के वटाव देत असेल, तर तो वर्षाकाठी सुमारे बारा टक्के पडतो. रोख खरेदीसाठी खरोखरच पैसा कमी पडत असेल, तर १२ लाख मालकाकडे दहा टक्क्यांनी ठेवण्यात अर्थ नाही. ‘खरोखरच’ या शब्दावर भर द्यावा, कारण धंद्यात पैसा चौपट फिरतो असे सांगणाऱ्यांचा बराचसा पैसा चालू खात्यात स्वस्थ झोपलेला असतो.

हाच सौदा राहत्या घरासाठी असेल तर पारडे फिरते. दुकानाचे भाडे धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे तेथे भाडे आणि व्याज दोन्ही करापूर्वीचे धरून तुलना चालते. घरभाडे व्यापाऱ्याला धंद्याच्या खर्चात दाखवता येत नाही, आणि ठेवीच्या व्याजावर मात्र कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील गृहस्थाच्या हाती ८४,००० रुपयांपैकी जेमतेम ५८,००० उरतात, तर वाचलेले १,२०,००० भाडे पूर्णच्या पूर्ण खिशात राहते. घरासाठी ठेव मोडून अनामत देणे, केवळ आकड्यांच्या दृष्टीने, म्हणूनच बहुधा परवडते.

करारात दरवर्षी पाच टक्के भाडेवाढ असेल तर तीही मांडावी. दुसऱ्या वर्षी दोन भाड्यांतील फरक १०,००० वरून १०,५०० होतो. अनामत मात्र वाढत नाही. काहीजण महागाईमुळे अनामतीचे मोल घटते म्हणून तेवढी रक्कम निराळी वजा करतात. ती व्याजदरात आधीच आलेली असते, दोनदा धरू नये.

गंमत अशी, की शासनानेही हे व्याज ओळखले आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क लावताना, परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर पाव टक्का आकारतात. आपल्या उदाहरणातील दोन्ही प्रस्ताव वर्षाला ३,९०,००० रुपयांचेच ठरतात आणि शुल्कही सारखेच, ९७५ रुपये.

आतापर्यंतचा हिशेब अनामत वेळेवर परत येईल असे गृहीत धरून झाला, आणि खरी अडचण तेथेच असते. मालकाने ती रक्कम बहुधा कुठेतरी गुंतवलेली असते. पुढचा भाडेकरू मिळाल्यावर देतो, असे तो म्हणतो. दहा टक्क्यांनी १२ लाखांचा प्रत्येक महिन्याचा विलंब १०,००० रुपयांना पडतो. मुक्काम अकरा महिन्यांचाच असेल तर तीन महिन्यांच्या विलंबात वर्षाच्या लाभाचा मोठा भाग जातो. मालकाने जागेवर कर्ज घेतले असेल आणि ते थकले, तर बँकेचा हक्क आधी, आपण मागून उभे असलेले साधे धनको. म्हणून मोठी रक्कम देण्यापूर्वी जागेवर बोजा आहे का, हे विचारावे आणि कागद पाहावा. पूर्ण अनामत धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि नोंदणीकृत करारात तेवढाच आकडा लिहून घ्यावा. वीस हजार किंवा त्याहून अधिक अनामत रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि करारात नसलेली रोख रक्कम परत मागायला हातात पुरावा नसतो. ताबा सोडण्याच्या दिवशीच रक्कम मिळावी, विलंब झाल्यास ठरावीक दराने व्याज द्यावे, अशी ओळ घालायला मालक तयार नसेल, तर ३ लाखांचा प्रस्ताव महाग दिसला तरी तोच घ्यावा.