लाउंजचा ‘मोफत’ पाहुणचार

दाबोळी असो वा 2023 च्या जानेवारीत प्रवाशांसाठी खुला झालेला मोपाचा मनोहर विमानतळ असो, सुरक्षातपासणी आटोपून आत गेलेल्या प्रवाशांपैकी काहींची पावले आज सरळ लाउंजकडे वळतात. मुंबईचा वा बेंगळुरूचा तासाभराचा प्रवास करणारा आमचा मध्यमवर्गीय गोमंतकीयही आता त्या रांगेत दिसतो. क्रेडिट कार्ड पुढे केले, एकदोन रुपयांची नोंद झाली की आत खुर्ची, चहा आणि जेवण मिळते. हा पाहुणचार फुकट आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. ती समजूत तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांस वाटते.

या व्यवहारात फुकट काहीच नाही. कार्डधारक आत गेला की त्या भेटीचे पैसे लाउंज चालविणाऱ्यास कार्ड देणारी बँक किंवा कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी देते आणि बरेचदा मध्ये एखादी मध्यस्थ कंपनी असते. कार्डे थोड्यांच्या हाती होती तोवर हा खर्च बँकांस जड नव्हता. कार्डे वाढली, दारांवर रांगा लागल्या आणि बँकांनी हिशेब मांडला. दुकानदाराकडून मिळणाऱ्या दलालीतून हा खर्च भागवायचा, तर कार्डावर खरेदी झालीच पाहिजे. म्हणून पूर्वी कार्डासोबत आपोआप मिळणारा हक्क आता खर्चाच्या अटीला बांधला गेला आहे.

ही गाठ कशी आवळत गेली ते पाहण्यासारखे आहे. एच.डी.एफ.सी. बँकेने आपल्या रिगेलिया कार्डावर 1 डिसेंबर 2023 पासून एका तिमाहीत एक लाख रुपये खर्च करणाऱ्यासच त्या तिमाहीपुरत्या दोन भेटी देऊ केल्या. आय.सी.आय.सी.आय. बँकेने एप्रिल 2024 पासून आपल्या अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत 35 हजार रुपयांच्या खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती 75 हजारांवर नेली. अॅक्सिस बँकेने मे 2024 पासून काही कार्डांवर मागील तीन महिन्यांत 50 हजारांचा खर्च मागितला. आकडे पुढेही बदलतील. वाचकांनी ध्यानी घ्यावयाची आहे ती त्यामागची रीत, आणि तिच्यात तीन खाचा आहेत.

पहिली खाच काळाची. अनेक योजनांत आज केलेल्या खर्चाचे फळ आज मिळत नाही. जानेवारी ते मार्च या काळात खर्च केला, तर एप्रिल ते जूनमधील भेटींचा हक्क उघडतो. शिवाय न वापरलेली भेट बहुधा पुढील तिमाहीत जात नाही. तिमाही संपली की ती बुडाली. कोठे तिमाही पंचांगाप्रमाणे धरतात, कोठे मागील तीन महिने मोजतात. महिनाअखेरीस केलेली खरेदी बँकेच्या वहीत पुढील महिन्याच्या तारखेने चढली, तर ती कोणत्या तिमाहीत धरणार, हाही प्रश्न उरतोच.

दुसरी खाच ‘खर्च’ या शब्दाची. पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, रोख उचल असे व्यवहार पुष्कळ कार्डांवर या मोजणीतून वगळलेले असतात. बिलावरील एकूण रक्कम आणि अटीसाठी धरलेली रक्कम म्हणूनच एक नसते.

तिसरी खाच सोबत्यांची. आपल्याकडे माणूस एकटा क्वचितच प्रवासास निघतो. पत्नी, मुले, म्हातारी आई बरोबर असतात. देशांतर्गत लाउंजचा हक्क मात्र सामान्यतः एकट्या कार्डधारकाचा असतो. पाहुण्यास एक तर जागेवर पैसे मोजावे लागतात किंवा काही योजनांत त्याच्यासाठी मालकाच्या वाट्याची आणखी एक भेट खर्ची पडते. जोडकार्ड असले तरी त्याला स्वतंत्र भेटी आहेत की मुख्य कार्डाच्याच कोट्यातून त्या वजा होतात, हे प्रत्येक कार्डागणिक निराळे असते. परदेशी लाउंजच्या सदस्यत्वात तर दारावर कोणी अडवीत नाही. कोट्याबाहेरच्या भेटीचा व पाहुण्याचा आकार पुढे बिलात उमटतो, तेव्हाच त्याचा पत्ता लागतो.

आता एक कल्पित पण नित्याचा हिशेब मांडू. फोंड्यातील एका चौकोनी कुटुंबाने जुलैत 18 हजार, ऑगस्टमध्ये 22 हजार आणि चतुर्थीच्या खरेदीमुळे सप्टेंबरात 41 हजार रुपये कार्डावर खर्च केले. एकूण 81 हजार झाले. अट 75 हजारांची असल्याने दिवाळीच्या प्रवासात लाउंज मिळणार, असे कुटुंबप्रमुखाने धरले. परंतु त्यांत 6 हजारांचे पेट्रोल आणि 9 हजार वॉलेटमध्ये भरलेले होते. ते वगळता 66 हजारच उरले. दारावर कार्ड नाकारले गेले आणि मुलांपुढे ओशाळे होऊन ते कुटुंब माघारी फिरले.

समजा, ही तूट त्यांना सप्टेंबरच्या अखेरीसच कळली असती. मग 9 हजारांची एखादी नको असलेली वस्तू घेऊन अट पुरी करावी काय? केली असती, तरी आत एकटे कुटुंबप्रमुख गेले असते. उरलेल्या तिघांचे पैसे वेगळेच. मिळाले असते एका माणसाचे जेवण. खरा धोका मात्र त्याही पुढचा आहे. 75 हजारांचे बिल आले, हात आखडला आणि केवळ किमान पाच टक्के भरले, तर राहिलेल्या सुमारे 71 हजारांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी अडीच हजार रुपये व्याज चढते. त्यावर वस्तू व सेवा कर निराळा. बिनव्याजी मुदतही हातची जाते. एका थाळीसाठी एवढा भुर्दंड कोणीही शहाणा माणूस समजून उमजून पत्करणार नाही. न समजता पत्करणारे मात्र पुष्कळ आहेत.

म्हणून आमचा वाचकांस सल्ला साधा आहे. जो खर्च एरवी होणारच होता त्यातून अट पुरी होत असेल, तर लाउंजचा लाभ खुशाल घ्यावा. अटीसाठी खर्च करू नये. प्रवासाआधी बँकेकडून तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: कोणत्या काळाचा खर्च धरला, त्यातून काय वगळले आणि आपल्या वाट्याच्या किती भेटी शिल्लक आहेत.

तथापि सारा भार ग्राहकावर टाकून बँकांना मोकळे होता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डाच्या आकारात बदल करावयाचा तर किमान एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते आणि तो बदल ज्याला जाचक वाटेल त्यास जादा आकार न देता कार्ड परत करता येते. लाउंजची भेट हा ‘आकार’ नव्हे, ती सवलत आहे, अशी पळवाट येथे काढता येते. पण वार्षिक शुल्क घेताना ज्या सवलतीचा डंका पिटला, तीच वर्षाच्या मध्यात आक्रसली तर ग्राहकाच्या दृष्टीने ती शुल्कवाढच होय. मासिक बिलात देय रक्कम छापता येते, तशीच ‘अटीसाठी धरलेला खर्च’ आणि ‘शिल्लक भेटी’ अशी आणखी दोन ओळींची नोंदही छापता येईल. बँकेच्या यंत्रास हे आकडे ठाऊक असतात. त्याशिवाय दारावर कार्ड नाकारले जाते कसे? दाराशी उभ्या माणसास जे यंत्र क्षणार्धात ‘नाही’ म्हणते, त्याने तेच ‘नाही’ घर सोडण्यापूर्वी सांगावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने ती मान्य करून घ्यावी.