डॉक्टरांना आधी ते सांगा!

परवा उमरठला बचत गटाच्या बैठकीत पाळीच्या कपाचा विषय निघाला. एकीने हळूच विचारलं, "ताई, कप लावलेला असताना ताप आला तर?" सगळ्या हसल्या. मी मात्र हसले नाही, कारण प्रश्न अगदी योग्य होता.

२०१२ मध्ये अमेरिकेत लॉरेन वॉसर या २४ वर्षांच्या मॉडेलला पाळीत टॅम्पॉन वापरत असताना फ्लूसारखं वाटू लागलं. तिने ते अंगावर काढलं. पुढे ती घरात बेशुद्ध सापडली. तिला टॉक्सिक शॉक सिंड्रोम झाला आहे, हे कळलं ते एका तज्ज्ञाने "टॅम्पॉन आत आहे का?" असं विचारल्यावर. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि २०१८ मध्ये डावाही.

हा आजार फार क्वचित होतो. कपामुळे तर आणखी क्वचित, पण होतो. स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू अनेकींच्या अंगावर असतातच. त्यातले काही विष तयार करतात. बहुतेकींच्या रक्तात त्याला रोखणारी शक्ती असते. जिच्यात नसते, तिच्या रक्तात ते विष भिनतं आणि रक्तदाब कोसळतो. कोवळ्या मुलींना म्हणूनच धोका जास्त.

ओळखायचं कसं? १०२ किंवा जास्त ताप एकाएकी चढतो. उलट्या-जुलाब होतात, अंग ठणकतं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली पसरते. आपल्या सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाही, म्हणून डोळे, जीभ आणि तळहात लाल झालेत का ते पाहावं. तळहात-तळपायांची साल निघते, पण एक-दोन आठवड्यांनी. तिची वाट पाहत बसू नये.

अशा वेळी हात धुऊन कप लगेच काढायचा. ओढायचा नाही, तळ चिमटला की पकड सुटते. मग रात्र असो वा पाऊस, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. तिथे शिरेतून सलाईन आणि अँटिबायोटिक लागतं. घरी क्रोसिन घेऊन भागत नाही. एकदा हा आजार झाला, तर पुन्हा कप किंवा टॅम्पॉन वापरू नये.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो हेच आधी आठवतं. पाळीचं डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण लाजेने सांगत नाही. कप वाटणाऱ्यांनी तो १२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, एवढं सांगून थांबू नये, तापाचंही सांगावं. आणि आपण? "डॉक्टर, माझी पाळी चालू आहे, मी कप वापरते," एवढं एक वाक्य बोलायला शिकू या. पुरुष डॉक्टर असले तरी!