पाळणा हलेना, आणि विमा म्हणतो ‘हे आमच्यात बसत नाही’

धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांत लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि मूल नाही, अशी जोडपी थोडी नाहीत. आधी देवदेव होतो, मग गावठी औषध, मग बुलढाणा-मलकापूर आणि शेवटी जळगाव किंवा अकोला. शेवटच्या ठिकाणी डॉक्टर ‘टेस्ट ट्यूब’चे नाव काढतात आणि खर्चाचा आकडा सांगतात. तेव्हा घरातल्या कुणाला तरी आठवते, की आपण आरोग्य विमा काढलेला आहे, किंवा फुले योजनेचे कार्ड आहे. कागद घेऊन माणूस जातो आणि हात हलवीत परत येतो. “पैसे तं वर्षावर्षाले भरले, मंग काहून नाही देत?” हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नीट समजून घेतले नाही तर आपण चुकीच्या दारावर धडका मारत बसू.

पहिली गोष्ट म्हणजे ही कुण्या एका कंपनीची लबाडी नव्हे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली सर्व कंपन्यांसाठी ‘काय वगळता येईल’ याची एकसारखी भाषा ठरवून दिली. त्या यादीत १७ व्या क्रमांकावर वंध्यत्व आहे. कृत्रिम गर्भधारणा, आय.यू.आय., टेस्ट ट्यूब, सरोगसी, इतकेच काय तर नसबंदी आणि केलेली नसबंदी पुन्हा उलटवण्याची शस्त्रक्रिया, हे सारे त्या एका कलमात येते. लगेच पुढचे १८ वे कलम बाळंतपणाचे आहे. हे कलम घालावेच असे कंपनीवर बंधन नाही. घालायचे असेल तर कोणत्या शब्दांत घालायचे, एवढेच ठरलेले आहे. पण बहुतेक कंपन्या ते घालतात. एजंट “सगळं कव्हर आहे” म्हणत असेल तर त्याला पॉलिसीतले हे कलम बोट ठेवून दाखवायला सांगावे.

कंपन्या हे का वगळतात, ते शेतकऱ्याला पीक विम्यावरून चटकन कळेल. खरिपाच्या पीक विम्याला साधारण ३१ जुलैची मुदत असते. का असते? कपाशी वाळून गेल्यावर, सप्टेंबरात, ज्याचे पीक गेले तोच विमा काढू लागला तर योजना एका हंगामात बसेल. विमा चालतो तो अनेकांनी भरायचे आणि थोड्यांना मिळायचे, कुणाला लागेल ते आधी माहीत नाही, या तत्त्वावर. वंध्यत्वात नेमके उलटे घडते. लग्नाला चार वर्षे झालेल्या जोडप्याला आपल्याला उपचार लागणार हे पक्के ठाऊक असते आणि तेच पॉलिसी शोधत येते. ज्यांच्या घरात दोन लेकरे खेळत आहेत ते या कलमासाठी जास्तीचा हप्ता कशाला भरतील?

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, हजार नवविवाहित जोडपी आहेत. त्यांतल्या चाळीस जणांना पुढे टेस्ट ट्यूब लागणार आणि प्रत्येकी एक लाख खर्च येणार, म्हणजे एकूण चाळीस लाख. हजारही जणांनी भरले तर प्रत्येकावर चार हजार रुपये येतात, तेही आयुष्यात एकदा. पण फक्त ज्यांना गरज आहे त्या चाळिसांनीच पॉलिसी घेतली, तर हप्ताच एक लाख होतो. मग तो विमा राहत नाही, स्वतःचेच पैसे दुसऱ्याच्या हातून खर्च करण्यासारखे होते. म्हणून ज्या थोड्या पॉलिस्या हा खर्च देतात, त्या दोन-तीन वर्षे थांबायला लावतात आणि रकमेला छोटी मर्यादा घालतात. पुण्या-मुंबईच्या काही मोठ्या कंपन्यांच्या सामूहिक विम्यात मात्र हा उपचार दिसतो. तिथे सगळे कामगार आपोआप विम्यात असतात, निवडून कुणी येत नाही.

दुसरे कारण उपचाराच्या रीतीतच आहे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस बाईला रोज इंजेक्शन घ्यावे लागते. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते. बीजे तयार झाली की एक शेवटचे इंजेक्शन देतात आणि साधारण दीड दिवसाने थोडी भूल देऊन बीजे बाहेर काढतात. प्रयोगशाळेत नवऱ्याच्या शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवतात आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ पिशवीत सोडतात. दोन आठवड्यांनी रक्त तपासले की कळते. या साऱ्यात चोवीस तास खाटेवर राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही, आणि आपला बहुतेक विमा तर दवाखान्यात भरती होण्यावर बेतलेला आहे. बीजे काढण्यासारखे काम एका दिवसाच्या शस्त्रक्रियेत बसवता येईल. पण खर्चाचा मोठा भाग इंजेक्शनांचा, तो बाहेरच राहणार. शिवाय एकदा करून काम होईलच असे नाही. बाई तरुण असेल आणि दवाखाना चांगला असेल तरी तीन खेपांतून साधारण एक खेप लागते, पस्तिशीनंतर त्याहून कमी. ‘हमखास’ म्हणणाऱ्या पाटीपासून दूर राहिलेले बरे.

म्हणजे कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. पण वंध्यत्व हा ‘हौसेचा’ खर्च आहे, असे कुणी म्हणत असेल तर ते मान्य करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना याला आजार मानते आणि जगात साधारण सहांपैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी तो भोगावा लागतो, असे तिने २०२३ मध्ये सांगितले. आपल्याकडे तर एक विचित्र गोष्ट आहे. २०२१ च्या कायद्याने बीज दान करणाऱ्या स्त्रीसाठी बारा महिन्यांचा विमा काढणे उपचार घेणाऱ्या जोडप्यावर बंधनकारक केले. दान करणारीला संरक्षण मिळाले ते योग्यच झाले. पण जिच्यासाठी हे सारे चालले तिच्या उपचाराला विम्यात जागा नाही.

आता सरकारी योजनेकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली आणि २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत खुली झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडलेली आहे, आणि आयुष्मान भारतने वंध्यत्वाचे उपचार स्पष्ट वगळले आहेत. इथे विचारले पाहिजे, का? वर हजार जोडप्यांचा जो हिशेब मांडला, त्यातली अडचण इथे उरतच नाही. या योजनेत कुणी निवडून येत नाही. सगळेच आत आहेत. पीक वाळल्यावर विमा काढण्याची सोय नाही, कारण प्रत्येकाचा विमा आधीच निघालेला आहे. खासगी कंपनीचे कारण सरकारी योजनेने उसने घेण्याची गरज नव्हती.

पैशाचे म्हणाल तर सरकारने स्वतःच्या नोकरांसाठी हा रस्ता कधीच काढला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत २०११ च्या आदेशाने टेस्ट ट्यूबच्या एका खेपेला ६५ हजार रुपयांपर्यंत, आणि अशा तीन खेपांपर्यंत, भरपाई ठरवून दिली गेली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीत सरकारी दवाखान्यातही एका खेपेला रुग्णाच्या खिशातून सुमारे १ लाख १० हजार आणि खासगीत सुमारे २ लाख ३७ हजार जातात असे आढळले, आणि आयुष्मान योजनेत एका खेपेला सुमारे ८१ हजारांचा दर ठेवावा असे तिथल्या संशोधकांनी सुचवले. म्हणजे दर तयार आहे, पद्धत तयार आहे. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला. आपल्या राज्यात मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये असे केंद्र निघाले. देशातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्याच महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली. सार्वजनिक दवाखान्यात सुरू झालेली ही विद्या पुढे बहुतेक खासगी दारात जाऊन बसली. मलकापूरहून रेल्वेने मुंबई गाठून बारा दिवस तिथे राहणे ऐन कापूस वेचणीत कुणाला जमणार, हा प्रश्न आहेच. एक खेप फुकट मिळाली तरी राहण्या-खाण्याचे आणि बुडालेल्या मजुरीचे घरूनच जाणार.

तोवर काय मिळू शकते, तेही सांगतो. विमा वंध्यत्वाला पैसे देत नाही, पण वंध्यत्वामागे जो आजार असतो त्याला पुष्कळदा देतो. अंडाशयावरची गाठ, गर्भपिशवीतली फायब्रॉईडची गाठ, पुरुषाच्या अंडकोषाच्या फुगलेल्या नसा, यांचा स्वतःचा त्रास असतो आणि शस्त्रक्रियाही असते. समजा, एका बाईच्या ओटीपोटात दर महिन्याला असह्य कळ येते, सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ निघते, दुर्बिणीने ती काढतात. डिस्चार्ज कार्डावर घाईत ‘वंध्यत्वासाठी दुर्बीण तपासणी’ एवढेच लिहिले, की १७ वे कलम लागू होऊन क्लेम नाकारला जातो. खरा आजार, खरा त्रास आणि गाठीचा अहवाल हे तिन्ही कागदावर आहेत का, ते सुट्टी होण्याआधी पाहावे. खोटे लिहून घेऊ नये. खरे आहे ते पूर्ण लिहून घ्यावे. असे असूनही नाकारले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी लागत नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे अनेकदा जननेंद्रियांचा क्षयरोग असतो. त्याला खोकला नसतो, म्हणून तो लक्षात येत नाही. त्याची औषधे सरकारी क्षय कार्यक्रमातून फुकट मिळतात, त्याला विम्याची गरजच नाही. तसेच नसबंदीनंतर लेकरू दगावलेल्या बाईने नळ्या पुन्हा जोडण्याबद्दल आधी सरकारी रुग्णालयातच विचारावे. खासगीत या शस्त्रक्रियेला विम्याचे पैसे मिळणार नाहीत. नसबंदी करून घेताना सरकार पैसे देते, ती फसली तर भरपाईची योजना आहे. मात्र ती उलटवायची वेळ आली की विमा हात वर करतो.

आणि एक. गड्याची वीर्य तपासणी काही शे रुपयांत होते आणि दोष त्याच्यात असण्याची शक्यता काही कमी नसते. तरी पाच-पाच वर्षे बाईच्याच तपासण्या, बाईचीच ऑपरेशने, आणि शेवटी दुसरी बायको करण्याची भाषा. हा सारा खर्च विम्यात बसत नाही, म्हणून तो स्वस्त तपासणीपासून सुरू केलेला बरा. ‘मले काय झालं’ म्हणणाऱ्याला आशाताईंनी आणि आरोग्य सेवकाने आधी तिकडे पाठवावे.

सरपंच-ग्रामसेवकांना एक सुचवतो. ग्रामसभेत ठराव घेताना ‘वंध्यत्वावर मदत मिळावी’ असे मोघम लिहू नका. ‘महात्मा फुले योजनेच्या उपचार यादीत टेस्ट ट्यूबच्या तीन खेपा, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या धर्तीवर, समाविष्ट कराव्यात, आणि इंजेक्शने व सोनोग्राफी जिल्हा रुग्णालयात व्हावी, म्हणजे मोठ्या शहरात फक्त बीजे काढायला व गर्भ सोडायला जावे लागेल,’ असे लिहा. त्या बारा दिवसांपैकी दहा दिवसांचे काम बुलढाण्यात होण्यासारखे आहे. ठरावाची एक प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना आणि एक आमदारांना द्यावी.