भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची

चिखलदऱ्यात पावसाळा लागला की पर्यटकांची गर्दी होते. एखाद्याचे चहा-नाश्त्याचे हॉटेल चालू असते; पण भट्टी सांभाळणारा हात नसतो. दुसऱ्याच्या हाताला चव असते, पण खिशात पैसा नसतो. दोघे म्हणतात, ‘मिळून करू, नफा वाटून घेऊ.’ अशा व्यवहाराला फिकहमध्ये मुदारबत म्हणतात. पैगंबर (सल्ल.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामकडे केलेला व्यापार याच धर्तीचा होता.

भांडण होते ते चालू धंद्यात नवा माणूस येतो म्हणून. म्हणून पहिल्या दिवशीच माल मोजावा, भांडी-फ्रिजची किंमत दोघांच्या संमतीने ठरवावी आणि जुनी उधारी वेगळी लिहावी. ती फेडणे मालकाचे काम.

मग नफा म्हणजे काय, ते ठरवावे. समजा, चार महिन्यांत विक्री 6,00,000 रुपये झाली. माल, गॅस, भाडे, वीज आणि पोऱ्यांची मजुरी मिळून 4,80,000 गेले. नफा 1,20,000. वाटा 60-40 असेल तर मालकाचे 72,000 आणि मेहनत करणाऱ्याचे 48,000. त्याने घरखर्चासाठी दरमहा 8,000 उचलले असतील, तर 32,000 वजा होऊन 16,000 हातात येतील. मालकाने घरासाठी गल्ल्यातून काढलेली रक्कमही याच वहीत त्याच्या नावे लिहावी. ती हॉटेलचा खर्च नव्हे. बहुतेक वाद इथेच सुरू होतात.

मुदारबतीत ‘दरमहा इतके नक्की’ असा वाटा ठरवता येत नाही; प्रमाणच ठरवावे लागते. तोटा झाला तर पैसा मालकाचा जातो आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाते. त्याच्या हलगर्जीपणामुळे तोटा झाला असेल, तर मात्र भरपाई त्याची. उचल नफ्यातून वळती होते. नफाच नसेल तर ती परत करावी लागते, म्हणून ती बेताचीच ठरवावी. मालकही गल्ल्यावर बसून काम करील अशी अट असेल, तर हनफी मतानुसार ती मुदारबत राहत नाही. तेव्हा करार आधी आलिमांना दाखवावा.

आपला 1932 चा भागीदारी कायदा वेगळ्या वाटेने जातो. करारात काही ठरवले नसेल, तर नफा आणि तोटा दोन्ही समसमान धरले जातात. शिवाय भागीदार असताना झालेल्या धंद्याच्या देण्यासाठी बाहेरचा सावकार त्यालाही धरू शकतो. उलट, नफ्यातून मोबदला मिळतो एवढ्यानेच कामगार भागीदार ठरत नाही. म्हणून तो भागीदार आहे की नफ्यावर काम करणारा, हे कागदावर स्पष्ट हवे.

हंगाम संपल्यावर पुन्हा माल मोजावा. पहिल्या दिवसाची यादी हाताशी असली की हिशोब एका बैठकीत मिटतो. ती नसेल, तर चार महिन्यांची मेहनत तोंडी सांगावी लागते आणि तिला साक्षीदार नसतो.