पडद्यावरील पूजा आणि यजमानाचे आसन

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल गावी एखाद्या घरी सत्यनारायण योजला असेल आणि त्या घरचा मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला असेल, तर आज गुरुजी संकेतस्थळावरून मुकरर होतात, दक्षिणा परदेशातून जमा होते आणि पूजा मोबाइलच्या पडद्यावरून समुद्रापलीकडे पाहिली जाते. या रिवाजाविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, पडद्यावरची पूजा ही पूजाच नव्हे. दुसरा म्हणतो की, श्रद्धा असली म्हणजे कोणतेही कर्म कोठूनही करविता येते. मला ही दोन्ही मते अग्राह्य वाटतात, कारण यजमान कोण, हा मूळ प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, स्पर्शावाचून पूजा नाही. परंतु प्रत्येक क्रिया यजमानाने स्वहस्ते केली पाहिजे, असे आपल्या शास्त्राने कधीच म्हटलेले नाही. दक्षिणा देऊन ऋत्विज नेमावे आणि पुष्कळसे काम त्यांच्याकडून करवून घ्यावे, ही व्यवस्था पूर्वमीमांसेला मान्य आहे. आणि व्रतांच्या बाबतीत पत्नी, पुत्र, बंधू, पुरोहित यांना प्रतिनिधी करण्याची मुभा धर्मनिबंधांनी दिली आहे. हरसूलच्या घरी आईवडील आसनावर बसले असता संकल्पात परदेशस्थ पुत्राचे नाव सहकुटुंब उच्चारले गेले, तर त्याचे अंग त्या कर्माला जडते. पडदा त्याला केवळ श्रवणदर्शनाची सोय करून देतो. यात अशास्त्रीय असे काही नाही.

तथापि यावरून दुसऱ्या पक्षाचे मत सिद्ध होत नाही. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आला आहे, आणि तेथे यज्ञाच्या स्वामीला सामान्यतः प्रतिनिधी नाकारला आहे. कारण द्रव्यावरील स्वत्व सोडून ते देवतेला अर्पण करणे, हे कर्माचे मर्म, ज्याचे द्रव्य व ज्याला फल, त्यानेच करावयाचे असते. पुढे निबंधकारांनीही नित्य व नैमित्तिक कर्मांत प्रतिनिधी मानला, काम्य कर्मांत मानला नाही. त्र्यंबकेश्वरी होणारा नारायण-नागबली हा तीन दिवसांचा विधी आहे, आणि त्यात कर्त्याला कुशावर्ताचे स्नान व स्वहस्ते पिंडदान करावे लागते. तो परदेशात खुर्चीवर बसून पाहणाऱ्याच्या नावे येथे परस्पर उरकून देतो, असे जो सांगेल, त्याच्याशी व्यवहारच करू नये.

मग मुलाने स्वतःच नवस बोलला असेल तर काय करावे? माझे मत असे की, त्याने हरसूलच्या रिकाम्या पाटापुढे गुरुजींना बसविण्याऐवजी न्यू जर्सीतील आपल्याच घरी चौरंग मांडावा, कलश व बाळकृष्ण समोर ठेवावा, सव्वाच्या मापाने प्रसाद करावा आणि गुरुजींनी इकडून मंत्र सांगावेत. येथे हात यजमानाचे आणि वाणी पुरोहिताची. अशा वेळी संकल्पातील देशकालाचा उच्चारही यजमानाच्या स्थळाचा असला पाहिजे. अमेरिकेत बसलेल्या माणसासाठी गुरुजी भरतवर्ष आणि गोदातीर म्हणू लागले, अथवा गोत्र न विचारताच पुढे सरकले, तर पाठ ठरावीक आहे आणि कदाचित अनेक घरे एकाच वेळी जोडलेली आहेत, अशी शंका घेण्यास जागा आहे. म्हणून गुरुजी ठरवितानाच त्यांची वेदशाखा, साहित्याची यादी आणि स्वतः तेच येणार की दुसऱ्यास पाठविणार, याची खातरजमा करून गोत्र व नावे लेखी कळवावीत.

सहभाग खरा व्हावा यासाठी वेळेचाही बंदोबस्त हवा. हरसूलच्या सायंकाळी साडेसहाला न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे नऊ व हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. तेव्हा स्नान करून बसणे तेथील मंडळींना सहज साधते. ज्यांना नुसते पाहावयाचे आहे, त्यांना थेट प्रक्षेपण पुरते. परंतु ते काही सेकंद, कधी त्याहूनही अधिक, मागे चालत असल्याने आचमन व संकल्प बरोबरीने करणाऱ्यांसाठी दुतर्फा व्हिडिओ कॉलच हवा. त्यातही आवाज पोचण्यास किंचित विलंब लागतोच, म्हणून आरतीच्या वेळी एका घराचाच आवाज चालू ठेवून इतरांनी आपले बंद ठेवावेत, नाहीतर सूर एकमेकांवर आदळतात. घंटा व शंख यांचा नाद तर पुष्कळदा ऐकूच जात नाही, कारण गोंगाट गाळणारी योजना त्यांनाही गोंगाट समजते. ती आधीच बंद करावी. कॅमेरा देव आणि यजमान यांच्या मध्ये न ठेवता बाजूस ठेवावा, आणि संपर्क तुटला तरी पूजा थांबवू नये, कारण यजमान आसनावर आहे तोवर कर्म अखंड आहे.

तेव्हा गुरुजी मुकरर करण्याआधी कुटुंबाने आपसांत एवढे ठरवावे की, या कर्मात त्याग कोणाचा आणि फलाची इच्छा कोणाची. तो मनुष्य जेथे असेल तेथे पूजेचा चौरंग मांडावा, आणि पडदा बाकीच्यांसाठी लावावा.